हाती फक्त व्हिडिओचं नाव असताना सारांश कसा द्यावा

प्रश्न: मी चोपडा तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या ऑफिसात काम करते. साहेबांनी व्हॉट्सअ‍ॅपवर एका व्याख्यानाच्या व्हिडिओचं फक्त नाव पाठवलं: ‘केळीवरील हरण्या रोग: शेतकऱ्यांनी काय करावे?’ सोबत लिंक नाही, वक्त्याचं नाव नाही, लेखी मजकूरही नाही. उद्या दुपारपर्यंत एक पान सारांश हवाय, तो सभासदांच्या ग्रुपवर जाणार आहे. घरची केळी आहे, त्यामुळे विषय मला बऱ्यापैकी माहीत आहे. नावावरून लिहून दिला तर चालेल का? नाही तर काय करू?

ताई, नावावरून लिहून देऊ नका. तुमच्या हातून चुकीचं लिहिलं जाईल म्हणून हे सांगत नाहीये. विषय तुम्हाला माहीत आहे, म्हणजे तुम्ही लिहाल ते बरंचसं बरोबरच असेल. पण व्हिडिओचं नाव फक्त विषय सांगतं. वक्त्यानं त्या विषयावर काय म्हटलं, हे नावात नसतं, आणि सारांश तर त्या म्हणण्याचाच असतो. तुमचं पान ग्रुपवर गेलं की सभासद ‘तज्ज्ञांनी असं सांगितलं’ असं धरून चालतील. वक्त्यानं सांगितलेलंच नाही ते त्याच्या तोंडी जाईल आणि त्यावर शेतात खर्च होईल.

शेतीविषयक मासिकासाठी व्याख्यानांचे वृत्तांत लिहायला लागून मला सव्वीस वर्षं झाली. सुरुवातीच्या काळात एका कार्यक्रमाला पोचायला उशीर झाला आणि मी वृत्तांत निमंत्रणपत्रिकेवरून लिहिला. विषय होता ‘केळी आणि पाणी’. जळगाव जिल्ह्यात केळी आणि पाणी म्हटलं की ठिबकच डोळ्यासमोर येतं, म्हणून मी लिहिलं की वक्त्यांनी ठिबक सिंचनाचं महत्त्व सांगितलं. वक्ते प्रत्यक्षात पूर्ण तासभर बोलले होते ते पाणी बागेतून बाहेर कसं काढायचं यावर. भारी काळी जमीन, संततधार पाऊस, मुळांशी साचलेलं पाणी, चर कुठून कसे काढायचे, असं सगळं. ठिबकाबद्दल मी लिहिलेलं काहीही खोटं नव्हतं, पण ते व्याख्यान त्या वृत्तांतात कुठेच नव्हतं. श्रोत्यांपैकी एका वयस्कर शेतकऱ्यानं अंक घेऊन येऊन मला विचारलं, “हे कुठल्या कार्यक्रमाचं आहे?” तेव्हापासून ऐकल्याशिवाय ओळ लिहायची नाही, हे मी पाळत आलो आहे.

तुमच्याच विषयावर दाखवतो. रावेर भागात एका शेतकरी मेळाव्यात हरण्यावरचं व्याख्यान मी ऐकलं होतं. हरण्या म्हणजे सीएमव्ही, कुकुंबर मोझॅक व्हायरस. व्याख्यान बावन्न मिनिटांचं होतं आणि माझी टिपणं अजून वहीत आहेत. साहेबांचा व्हिडिओ तोच असेल असं माझं म्हणणं नाही. नावावरून लिहिलेला सारांश आणि ऐकून लिहिलेला सारांश यांत अंतर कुठे पडतं, ते बघण्यापुरता तो घेऊ.

फक्त नाव हाती असतं तर मी साधारण असं लिहिलं असतं: ‘हरण्या हा केळीवरील विषाणूजन्य रोग असून त्याचा प्रसार मावा किडीमुळे होतो. रोगामुळे पानांवर पिवळसर पट्टे पडतात व झाडाची वाढ खुंटते. नियंत्रणासाठी मावा किडीवर शिफारशीत कीटकनाशकाची फवारणी करावी, रोगट झाडे काढून टाकावीत व रोगमुक्त रोपांची लागवड करावी, असे मार्गदर्शन करण्यात आले.’

हे वाचायला ठीक वाटतं. कृषी खात्याच्या कुठल्याही पत्रकात शोभेल असं आहे, आणि तिथेच शंका यायला हवी. आता वहीत काय आहे ते बघा.

पहिली बारा मिनिटं लक्षणांवर गेली. तेवढ्यापुरता माझा कल्पनेतला सारांश जुळतो. त्यानंतर वक्त्यानं जे सांगितलं त्यानं फवारणीच्या वाक्याचा अर्थच पालटतो. त्याचं म्हणणं असं: मावा रोगट झाडावर बसून नुसती सोंड टोचून बघतो, तेवढ्यात विषाणू सोंडेच्या टोकाला लागतो. तो उडून दुसऱ्या झाडाला टोचतो, तेवढ्यात विषाणू तिथे जातो. हा सगळा खेळ काही सेकंदांचा ते मिनिटांचा. औषधानं मावा मरतो, पण मरायच्या आधी त्याचं काम झालेलं असतं. शिवाय हा मावा केळीवर वस्ती करून राहणारा नसतो. तो कापूस, काकडी, भोपळा आणि बांधावरच्या तणांवरून ये-जा करतो. म्हणून रोगट झाडं बागेत तशीच ठेवून नुसत्या फवारण्या करत राहिलात तर विषाणूचा साठा तिथेच राहतो आणि पैसे जातात. आधी झाड मुळासकट उपटून बागेबाहेर पुरा किंवा जाळा, बांध स्वच्छ करा, फवारणी त्यानंतर. रोगट झाडाची पिलंही ठेवू नका, कारण त्यांतही विषाणू असतो. पिलबाग धरायची असेल तर हे आधी बघा.

माझ्या वाक्यात फवारणी आधी आणि झाडं काढणं नंतर, तेही एका स्वल्पविरामानं जोडलेलं. ते वाचून शेतकरी आधी काय करेल? दुकानात जाईल. दोन्ही उपाय सारांशात आहेत, शब्दही खरे आहेत, पण क्रम उलटा झाल्यावर सल्ला उलटा झाला.

पुढची जवळजवळ अठरा मिनिटं ज्या गोष्टीवर गेली तिचा तर नावावरून अंदाजही येत नाही. मृगबागेची रोपं जून-जुलैत लावली की ती कोवळी असतानाच ढगाळ, पावसाळी दिवस येतात आणि माव्याची ये-जा वाढते. म्हणून लागवडीनंतरचे पहिले दोन-तीन महिने दर चार-पाच दिवसांनी बागेत फिरून एकेक झाड बघायला हवं, आणि हे एकट्यानं करून भागत नाही. शेजारची बाग तशीच राहिली तर आपलं उपटणं अर्धं वाया. शेवटी प्रश्नोत्तरं सुरू झाली तेव्हा एकानं अहिराणीत विचारलं, “शेजारना उपटत नही, मंग मी काय करानं?” त्यावर दहा मिनिटं चर्चा झाली. गावानं एक दिवस ठरवून सगळ्यांनी मिळून बागा तपासाव्यात, असं त्यातून निघालं. माझ्या मते त्या व्याख्यानातलं सगळ्यांत कामाचं तेच होतं. नाव हातात धरून कितीही विचार केला असता तरी मला ते सुचलं नसतं.

आता तुमच्या कामाकडे येतो. आज संध्याकाळी पहिलं काम म्हणजे साहेबांना लिंक मागा. संकोच करू नका. बहुतेक वेळा कुणीतरी पुढे पाठवलेला व्हिडिओ असतो आणि नाव टाइप करताना लिंक राहून जाते. सोबत एक गोष्ट विचारा: पान कशासाठी हवंय? सभासदांनी व्हिडिओ बघावा म्हणून ओळख करून द्यायची असेल तर सहा-सात ओळी पुरतात. व्हिडिओ न बघता त्यावरून शेतात काम करायचं असेल तर क्रम, प्रमाण, अटी सगळं नीट यायला हवं, आणि त्याला वेळ लागतो. तुम्ही ग्रुपचा उल्लेख केलाय, म्हणून मी दुसरी शक्यता धरून पुढचं सांगतो.

लिंक मिळाली नाही तर नावावरून शोधा, पण साहेबांनी लिहिलेलं नाव अक्षरशः तसंच असेल असं समजू नका. लोक आठवणीतून नाव लिहितात. वक्त्यानं ‘हरण्या’ म्हटलं असेल आणि व्हिडिओवर ‘सीएमव्ही’ लिहिलं असेल, किंवा ‘कुकुंबर मोझॅक’. तिन्ही शब्द ‘केळी’सोबत टाकून बघा. जुळते दोन-तीन व्हिडिओ सापडले तर त्यांतला एक आपल्या मनानं निवडू नका. एकाच व्याख्यानाचे तुकडे वेगवेगळे लोक वेगवेगळ्या नावांनी टाकतात, आणि एकाच नावाखाली दोन वेगळे वक्तेही सापडतात. प्रत्येकाची लांबी, टाकल्याची तारीख आणि पहिल्या चौकटीचं चित्र साहेबांना पाठवा आणि ‘यातला कुठला?’ एवढंच विचारा. दोन मिनिटांचं काम आहे, पण इथे चूक झाली तर पुढचे तीन तास भलत्याच व्याख्यानावर जातात.

व्हिडिओ हाती आला की त्याच्या खालचं वर्णन उघडून `Show transcript` असं बटण दिसतंय का बघा. दिसलं तर बोललेला मजकूर वेळेसकट समोर येतो. तो यंत्रानं काढलेला असेल तर त्याचा उपयोग फक्त जागा शोधण्यापुरता करा: फवारणीचा विषय कितव्या मिनिटाला आला, प्रश्नोत्तरं कुठे सुरू झाली, असं. आकडे आणि नावं त्यातून उचलू नका. आपल्याकडचे वक्ते बोलता बोलता लेवा बोलीत किंवा अहिराणीत शिरतात आणि यंत्राची तिथे दाणादाण उडते. ‘दीड’, ‘अडीच’, ‘पावणेदोन’ हे शब्द मी कायम कानानं ऐकूनच लिहितो.

मजकूर नसेल तर ऐकण्याला पर्याय नाही. घाबरू नका, पन्नास मिनिटांच्या व्याख्यानाला मला सगळं मिळून अडीच-तीन तास लागतात. पहिल्यांदा सव्वापट वेगानं न थांबता ऐकतो. त्या वेळी वाक्यं लिहून घेत नाही. मुद्दा बदलला की वेळ आणि चार शब्द, एवढंच. त्या व्याख्यानाच्या वहीतल्या मधल्या ओळी अशा आहेत:

१२:१० – लक्षणं संपली. मावा कसा पसरवतो.
१६:३० – फवारणीनं का थांबत नाही. महत्त्वाचं.
१८:४० – आधी उपटणं, मग फवारणी. कारण परत ऐकणे.
२१:०५ – ‘पंपाला’ म्हणाले, लिटर सांगितले नाहीत.

पूर्ण ऐकून झालं की वही मिटून तीन-चार वाक्यांत स्वतःला सांगून बघतो: या माणसाला काय पटवून द्यायचं होतं? तेव्हाचं उत्तर होतं, ‘हरण्यावर औषध शोधू नका, रोगट झाडं लवकर शोधा, आणि एकट्यानं नाही तर शेजाऱ्यांसोबत.’ हे वाक्य सारांशाच्या वर जातं. मग दुसऱ्या फेरीत फक्त खुणा केलेल्या जागा मूळ वेगानं, गरज पडली तर दोनदा ऐकतो. आकडे, औषधांची नावं, अटी आणि कारणं त्या फेरीत लिहितो.

वहीतल्या २१:०५ च्या ओळीवर थोडं थांबतो, कारण शेतीच्या सारांशात सगळ्यांत जास्त नुकसान तिथे होतं. आपल्याकडे प्रमाण ‘पंपाला इतके मिली’ असं सांगतात. पण कुणाचा पंप पंधरा लिटरचा, कुणाचा सोळाचा, कुणाचा वीसचा. वक्त्यानं लिटर सांगितले नसतील आणि तुम्ही सोयीसाठी ‘दहा लिटर पाण्यात’ असं करून टाकलंत, तर तो आकडा वक्त्याचा राहिला नाही, तो तुमचा झाला. तिथे ‘वक्त्यांनी पंपाला अमुक असे सांगितले, पंपाचे माप सांगितले नाही’ असंच लिहा. शक्य असेल तर आयोजकांकडून वक्त्यांना फोन करून माप विचारा. मी तेच केलं होतं. तसंच ‘बहुतेक’, ‘आमच्याकडच्या चाचणीत’, ‘हलक्या जमिनीत’ असे शब्द सारांशात गाळू नका. जागा वाचवायला लोक नेमके हेच शब्द काढतात आणि मग अट असलेला सल्ला सगळ्यांना लागू असल्यासारखा वाटतो.

लिहून झालं की मी एक परीक्षा घेतो. प्रत्येक वाक्यावर बोट ठेवून स्वतःला विचारतो: हे मी व्हिडिओ न ऐकताही लिहू शकलो असतो का? ‘हरण्या हा विषाणूजन्य रोग आहे’ हे लिहू शकलो असतो. अशी एक-दोन वाक्यं संदर्भासाठी चालतात. पण पानभर तशीच निघाली तर समजायचं की आपण विषयाचा सारांश लिहिला, व्याख्यानाचा नाही. ऐकून लिहिलेल्या पानात काही तरी अडखळवणारं असतंच. कुठे वक्त्यानं रूढ सल्ल्याला फाटा दिलेला असतो, कुठे त्यानं एखाद्या बागेचं उदाहरण दिलेलं असतं, एखादा प्रश्न त्याला नीट सोडवता आलेला नसतो. यातलं काहीच दिसलं नाही तर मी परत ऐकायला बसतो. दुसऱ्या कुणी दिलेला सारांश तपासतानाही मी हेच बघतो. प्रश्नोत्तरांतलं एकही वाक्य नसेल तर लिहिणाऱ्यानं शेवटपर्यंत ऐकलेलं नाही, हे बहुतेक वेळा खरं ठरतं.

आणि शोधूनही व्हिडिओ मिळाला नाही, साहेबांनाही आठवलं नाही, पण पान उद्या हवंच आहे, तर? त्या परिस्थितीत तुमचं केळीचं ज्ञान कामाला येईल, फक्त पानाला दुसरं नाव द्या. त्यावर ‘सारांश’ लिहू नका, ‘हरण्या रोग: माहिती’ असं लिहा. ती माहिती कुठून घेतली तेही लिहा: कृषी विद्यापीठाचं पत्रक, कृषी सहायकांशी बोलणं, घरच्या बागेतला अनुभव, जे असेल ते. ‘तज्ज्ञांनी सांगितले’, ‘व्याख्यानात सांगण्यात आले’ असे शब्द त्या पानावर कुठेही येऊ देऊ नका. औषधाचं प्रमाण द्यायचंच असेल तर ते बाटलीवरच्या लेबलावरून किंवा विद्यापीठाच्या शिफारशीवरून घ्या, आठवणीतून नको.

साहेबांना आज रात्री पाठवायचा मजकूर असा करता येईल, हवा तसा बदलून घ्या: ‘सर, आपण पाठवलेल्या नावाचा व्हिडिओ शोधते आहे. लिंक किंवा वक्त्यांचं नाव मिळालं तर सारांश उद्या दुपारपर्यंत देते. फक्त नावावरून लिहिलं तर वक्त्यांनी न सांगितलेलं त्यांच्या नावावर जाईल, आणि फवारणीचा विषय असल्यानं सभासदांचं नुकसान होऊ शकतं. व्हिडिओ मिळालाच नाही, तर हरण्यावर एक पान माहिती वेगळ्या मथळ्यानं तयार ठेवते, ते विद्यापीठाच्या पत्रकावरून असेल.’ असं लिहिल्यावर नाही म्हणणारे साहेब मला फारसे भेटलेले नाहीत, कारण त्यांना दुपारी काहीतरी नक्की मिळणार हे त्यात आहे.

व्हिडिओ सकाळी उशिरा मिळाला आणि अडीच तास नाहीतच, तर प्रश्नोत्तरांपासून ऐकायला सुरुवात करा. शेतकऱ्यांना काय अडलं आणि वक्त्यानं कशावर जोर दिला, ते तिथे लवकर कळतं. मग पहिली दहा मिनिटं आणि मधल्या खुणेच्या जागा ऐका. पानाच्या वर स्पष्ट लिहा की अमुक ते अमुक मिनिटांचा भाग ऐकून हे लिहिलं आहे. उरलेला भाग संध्याकाळी ऐका आणि काही बदलत असेल तर दुरुस्ती त्याच ग्रुपवर टाका.